दीड मिनिटाचा संच: मल्लखांब कसा पाहावा

प्रात्यक्षिकात मल्लखांब दिसतो तो मनोऱ्यांचा. एका खांबावर एकदम सात-आठ मुले चढतात, हात पसरून स्थिर होतात आणि टाळ्या पडतात. स्पर्धेचे चित्र निराळे असते. तिथे खांबावर एकच खेळाडू असतो, साधारण दीड मिनिटाचा वेळ असतो आणि समोर पंच बसलेले असतात. पंच एकेका स्थितीइतकेच एका स्थितीतून दुसरीत जाण्याकडेही बघतात. ते जाणे पाहता येऊ लागले की मल्लखांब खऱ्या अर्थाने दिसू लागतो.

आधी खांब समजून घ्यावा. पुरलेला मल्लखांब सागाचा किंवा शिसवीचा असतो आणि मोठ्यांसाठी तो जमिनीवर अडीच मीटरच्या आसपास उंच असतो. खाली जाड असलेले त्याचे अंग वर निमुळते होत जाते. मग अरुंद मान येते आणि तिच्यावर गोल बोंड. हा आकार शोभेसाठी नाही. जाड भागावर मांड्यांची पकड बसते, मान काखेत किंवा गुडघ्याच्या लवणीत धरता येते आणि बोंडावर तोल सांभाळावा लागतो. उंची बदलली की पकडणारा अवयवही बदलतो.

खांबाला एरंडेल तेल लावतात. पकडायच्याच वस्तूला तेल, हे नवख्याला विचित्र वाटते. पण कोरड्या लाकडावर उघडी मांडी जोराने घासली तर कातडी सोलवटून निघते. तेलाने ती वाचते. उलट तेल जास्त झाले तर अंग घसरते, म्हणून पकड येण्यासाठी राळेची पूड वापरतात. घसरणे आणि धरणे यांचे हे प्रमाण साधणे हे सरावातले पहिले काम.

शिकवणीची सुरुवात बहुधा साध्या अढीने होते. दोन्ही हातांनी खांब धरायचा, कंबर उचलून शरीर उलटे करायचे आणि वर गेलेल्या पायांची खांबाभोवती तिढी घालून मांड्यांनी तो आवळायचा. मग हात सोडायचे. डोके खाली, छाती बाहेर आणि सगळा भार मांड्यांवर. चूक बहुतेक वेळा मांडीतच होते: ती ढिली राहिली की खेळाडू इंच-इंच खाली सरकतो आणि घाबरून हात परत खांबाला लावतो. प्रेक्षकाला ते जाणवतही नाही, पंचाच्या नजरेतून मात्र सुटत नाही. अढी पक्की झाल्यावर तेढी, बगली, दसरंग, फिरकी, वेल असे प्रकार एकाला एक जोडले जातात आणि त्यांचा संच बनतो.

टांगत्या मल्लखांबात आखूड खांब साखळीने लटकवलेला असतो. तो झुलतो आणि स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे तोच प्रकार इथे अधिक कठीण होतो. दोरीच्या मल्लखांबात लाकूड नसते आणि तेलही नसते. चढताना पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या चिमटीत सुती दोरी धरायची आणि अंगाभोवती वेढे घेत आसने करायची. दोरीला गाठ मारायची नाही. वेढ्यांवरच शरीर तोलले पाहिजे. पूर्वी दोरीच्या जागी वेत असे. स्पर्धेत पुरुष तिन्ही साधनांवर उतरतात, स्त्रिया पुरलेल्या मल्लखांबावर आणि दोरीवर.

आता गुणांकडे वळू. संच दहापैकी मोजला जातो. प्रकार किती कठीण आहेत, ते एकमेकांना कसे जोडले आहेत आणि प्रत्यक्षात किती नेटके झाले, हे पाहिले जाते. पाय वाकला, पायाची बोटे ताणलेली नसली, स्थिती डळमळली, दोन प्रकारांमध्ये खोळंबा झाला, तर गुण दशांशांत कापले जातात. शेवटच्या उडीनंतर पाऊल हलले तरी कपात. चार पंचांनी एका संचाला 8.40, 8.60, 8.70 आणि 9.00 असे गुण दिले, असे धरू. प्रचलित पद्धतीत सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकडा वगळतात. उरलेल्या दोहोंची सरासरी 8.65. एखाद्या पंचाचा औदार्याचा किंवा कडकपणाचा झटका निकालाला लागत नाही, हा तिचा फायदा.

म्हणूनच अवघड प्रकार भरले की गुण वाढतातच, असे नाही. धडपडत केलेल्या कठीण प्रकाराचे मोल कपातीत खर्च होते. चांगला प्रशिक्षक संच रचताना खेळाडूला पेलेल तेवढेच ठेवतो.

पेशवाईच्या अखेरच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी नव्याने रुजवलेली ही विद्या 1958 मध्ये राष्ट्रीय जिम्नॅस्टिक स्पर्धेत आली. 1981 मध्ये उज्जैनला तिची स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा झाली, 2019 मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा भरली आणि 2022 च्या गुजरातमधील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांतही तिला स्थान मिळाले. पुढच्या वेळी स्पर्धा पाहायला जाल तेव्हा टाळ्यांच्या क्षणी नजर वर नेऊ नका, एका प्रकारातून दुसऱ्यात जाताना मांडी आणि पायाची बोटे काय करतात ते बघा.