निगेटिव्हवर विश्वास कधी ठेवायचा

घशाच्या स्वॅबमध्ये करोना विषाणूचा आरएनए असलाच, तर तो लाळ, शेंबूड, पेशींचे तुकडे आणि कधीकधी रक्त यांच्यात मिसळलेला असतो. शिवाय आरएनए तोडणारी एन्झाइम त्याच द्रवात फिरत असतात. आरटी-पीसीआर चाचणीत आधी आरएनएची डीएनएत नक्कल होते आणि मग दर आवर्तनात ती नक्कल दुप्पट होत जाते. ही दोन्ही कामे करणारी एन्झाइम फार नाजूक असल्याने नमुना जसाच्या तसा यंत्रात टाकून भागत नाही. आधी त्यातून आरएनए वेगळा काढावा लागतो.

आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीचा पाया अ‍ॅमस्टरडॅमच्या बूम आणि सहकाऱ्यांनी 1990 साली घातला. साधारण 200 मायक्रोलिटर नमुन्यात ग्वानिडीन थायोसायनेट हे क्षारद्रव्य भरपूर प्रमाणात मिसळतात. त्याने विषाणूचे कवच फुटते आणि प्रथिनांची घडी उसवते, त्यामुळे आरएनए तोडणारी एन्झाइमही निकामी होतात. याच क्षारद्रव्याच्या आणि अल्कोहोलच्या सान्निध्यात आरएनए सिलिकाला चिकटतो. ही सिलिका छोट्या नळीतल्या पडद्याच्या किंवा चुंबकीय मण्यांच्या रूपात असते. मग धुण्याची पायरी येते. अल्कोहोल असलेल्या द्रावणांनी दोन-तीनदा धुतल्यावर प्रथिने आणि क्षार वाहून जातात, आरएनए मात्र जागचा हलत नाही. शेवटी सिलिका वाळवून तिच्यावर पन्नासेक मायक्रोलिटर शुद्ध पाणी घालतात. क्षार नसल्यामुळे आरएनएची पकड सुटते आणि तो पाण्यात उतरतो.

खरी गोम धुण्यात आणि वाळवण्यात आहे. वाळवणे उरकते घेतले, तर उरलेले अल्कोहोल अर्कात येते. धुणे अपुरे झाले, तर ग्वानिडीन येते. दोन्ही पीसीआरच्या एन्झाइमला अडवतात. रक्तातले हीमही तेच करते. हेपॅरिन तर आणखी चिवट, कारण आरएनएसारखाच ऋण भार असल्यामुळे ते त्याच्याबरोबर अर्कापर्यंत पोहोचू शकते. म्हणूनच पीसीआरसाठी रक्त हेपॅरिनच्या नळीत न घेता सहसा ईडीटीएच्या नळीत घेतात.

असा अडथळा डोळ्यांना दिसत नाही. अर्क स्वच्छ पाण्यासारखा असतो, यंत्र नीट चालते, आणि पडद्यावर विषाणूची रेषा वर चढत नाही. विषाणू नसतानाही नेमके हेच दिसते. त्याच फेरीत वेगळ्या नळीत ठेवलेला पॉझिटिव्ह कंट्रोल व्यवस्थित आला, तर रसायने आणि यंत्र ठीक आहेत एवढेच कळते. या रुग्णाच्या नळीत काय झाले ते कळत नाही. हे उत्तर त्याच नळीतून मिळवण्यासाठी इंटर्नल कंट्रोल लागतो. विषाणूशी संबंध नसलेला, ठरावीक प्रमाणातला आरएनए प्रत्येक नमुन्यात सुरुवातीलाच मिसळतात. त्यासाठी जिवाणूंवर जगणाऱ्या एमएस2 या निरुपद्रवी विषाणूचा वापर बराच होतो. तो रुग्णाच्या आरएनएबरोबर साऱ्या पायऱ्यांतून जातो आणि त्याच नळीत वेगळ्या रंगाच्या प्रकाशाने ओळखला जातो.

समजा, एका प्रयोगशाळेत हा कंट्रोल एरवी 27व्या आवर्तनाच्या आसपास दिसतो. म्हणजे त्याची सीटी व्हॅल्यू 27 असते. एका रक्ताळलेल्या स्वॅबमध्ये ना विषाणू दिसला, ना कंट्रोल. असा निकाल निगेटिव्ह म्हणून देता येत नाही, तो अवैध ठरतो. आता अर्क दहापट पातळ करून चाचणी पुन्हा करतात. दहापट पातळ झालेला आरएनए साधारण 3.3 आवर्तने उशिरा दिसायला हवा. कंट्रोल 30च्या पुढेमागे उमटला आणि विषाणूही 36ला दिसू लागला, तर कारण स्पष्ट होते: आरएनए अर्कात होताच, पण अडथळा आणणारे द्रव्य पातळ होईपर्यंत त्याची नक्कल होत नव्हती. पातळ करूनही कंट्रोल आलाच नाही, तर आरएनए वेगळा काढतानाच हरवल्याचा संशय येतो आणि मूळ नमुन्यापासून सुरुवात करावी लागते. या उपायाची किंमतही आहे: विषाणू मुळातच अगदी थोडा असेल, तर पातळ करण्याने तो निसटू शकतो.

कंट्रोलचे प्रमाण ठरवणे हे कौशल्याचे काम आहे. तो भरमसाट घातला, तर सौम्य अडथळ्यातूनही तो पार होतो आणि तुटपुंजा विषाणू मात्र अडकून राहतो. उलट नमुन्यात विषाणू अफाट असेल, तर नळीतली रसायने तोच संपवतो आणि कंट्रोल दिसत नाही. तेव्हा पॉझिटिव्ह निकाल सहसा ग्राह्य धरला जातो. शिवाय बाहेरून मिसळलेला कंट्रोल स्वॅब नीट घेतला होता की नाही, हे सांगू शकत नाही. काडी नाकात जेमतेम टेकवली असली, तरी एमएस2 झकास उमटतो. त्यासाठी बऱ्याच किटमध्ये माणसाच्या पेशीतले आरनेज-पी हे जनुक तपासतात. ते दिसले, तर काडीवर रुग्णाच्या पेशी आल्या होत्या हेही कळते. मात्र त्याचे प्रमाण माणसागणिक बदलते, त्यामुळे त्याची सीटी व्हॅल्यू थोडी उशिरा आली तर दोष अडथळ्याचा की कमी पेशींचा, हे तेवढ्यावरून ठरवता येत नाही.