टोपली आता घरात कुठे आहे?



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आमच्या पाड्यांवरील भगिनींनी विणलेली बांबूची भाकरीची टोपली आहे. नवीन 300 टोपल्यांचे काम सुरू करण्यापूर्वी आम्ही जुन्या टोपल्यांविषयी ग्राहकांचे म्हणणे गोळा केले. ते कसे केले आणि त्यातून काय ठरले, ते सांगतो.

आरंभ ऑनलाइन विक्रीच्या पानावरील अभिप्रायांपासून केला. तेथे 41 अभिप्राय होते आणि सरासरी साडेचार तारे. ताऱ्यांवरून काहीच कळत नाही. आम्ही सर्व अभिप्राय कागदावर उतरवले आणि ‘पण’ हा शब्द जेथे आला तेथे पेन्सिलीने गोल केला. “टोपली सुंदर आहे, पण...” यातला पुढचा भाग कामाचा. पाच तारे देणारे लोकही ‘पण’ लिहितात. मग सारख्या तक्रारी एकत्र करून मोजल्या. टोपली वाटली त्यापेक्षा लहान निघाली, असे 11 जणांनी लिहिले होते. हाताला फास लागते, असे सहा जणांनी. पांढरी पूड पडते, असे फक्त दोघांनी.

एवढ्यावर निर्णय घेतला असता तर टोपली मोठी केली असती आणि पुडीकडे दुर्लक्ष झाले असते. पण अभिप्राय लिहिला जातो पार्सल उघडल्यावर चार-आठ दिवसांत. आकार आणि फास पहिल्याच दिवशी कळतात. काही महिन्यांनी उघड होणारा दोष त्यात येतच नाही.

म्हणून दुसरे काम फोनचे. ऑनलाइन ग्राहकांचे नंबर आम्हाला मिळत नाहीत. चर्चमधील स्टॉलवर नोंदवहीत ज्यांनी नंबर दिले होते, त्यांतील तीन महिन्यांहून अधिक काळ टोपली वापरणाऱ्या 30 जणांना फोन केले. 24 जण बोलले. येथे एक अडचण आपल्या मंडळीचीच आहे: “टोपली आवडली का?” असे विचारले की सगळे “फार छान, देव तुमच्या कामाला आशीर्वाद देवो” म्हणतात! सेवाकार्याची वस्तू म्हणून दोष सांगायला जीव धजत नाही. त्यामुळे तो प्रश्नच काढून टाकला. त्याऐवजी विचारले, “टोपली आता घरात कुठे आहे? शेवटची कधी वापरली?” आणि मग, “ती उचलून खाली काय पडले आहे ते पाहता का?”

नऊ जणांकडे टोपलीखाली पिठासारखी पूड होती. एका मावशींनी टोपली गॅलरीत ठेवली होती, “भाकरीवर पडायला नको म्हणून.” टोपलीच्या तळाला आम्ही बांबू तोडल्याचा महिना लिहिलेली चिठ्ठी लावतो, ती वाचून घेतली. नवांपैकी आठ टोपल्या एप्रिल-मेमध्ये तोडलेल्या बांबूच्या होत्या. डिसेंबरच्या बांबूची फक्त एक.

याचे कारण बांबूतच आहे. पावसाळ्यात नवे कोंब फुटतात, त्यासाठी उन्हाळ्यात बांबू आपल्यात स्टार्च साठवून ठेवतो. तो खाण्यासाठी बारीक भुंगेरे कामट्या पोखरतात. टाचणीच्या टोकाएवढी भोके आणि खाली पीठ दिसले तर भुंगेरा. काळे-हिरवे डाग असून पुसले जात असतील तर ती बुरशी, आणि तिचा उपाय नीट वाळवणे. दोन्हींची तक्रार लोक “टोपली खराब झाली” अशीच करतात, म्हणून खोदून विचारावे लागते.

भुंगेऱ्यावर बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या पाण्यात कामट्या भिजवण्याचा उपाय प्रचलित आहे: 100 लिटर पाण्याला साधारण 3 किलो बोरॅक्स आणि 2 किलो बोरिक ॲसिड. परंतु हे द्रव्य पोटात जाऊ नये, म्हणून भाकरीच्या टोपलीला ते चालत नाही. टोपलीसाठी ऑक्टोबर ते जानेवारीत तोडलेला, किमान तीन वर्षांचा बांबूच घ्यायचा, तीन आठवडे वाहत्या ओहोळात बुडवून स्टार्च धुऊन काढायचा आणि सावलीत वाळवायचा, असे ठरले.

आकार मात्र बदलला नाही. चिठ्ठीवर सेंटिमीटर आणि फोटोत टोपलीत चार भाकऱ्या, एवढ्याने ती तक्रार मिटावी. फाशीसाठी काठ घासायला प्रत्येक गटाला पॉलिश पेपर दिला आहे.

या निर्णयाची किंमत आहे. नवा बांबू तयार व्हायला नाताळ उलटून जाईल. नाताळच्या स्टॉलवर डिसेंबरच्या बांबूच्या उरलेल्या 60 टोपल्याच मिळतील. तोवर भगिनींची मजुरी थांबू नये म्हणून शिल्लक उन्हाळी बांबूला बोरॅक्सचे पाणी देऊन त्याच्या नाताळच्या चांदण्या बनवत आहोत. त्या टांगायच्या असतात, त्यात कोणी जेवत नाही.

24 फोन म्हणजे थोडेच. ओहोळाचा उपाय पुरेसा आहे की नाही, हे त्यावरून सांगता येणार नाही. म्हणून पहिल्या 20 टोपल्या पाळकांच्या व सभासदांच्या घरी तीन महिने वापरायला देऊ आणि त्या उचलून पाहिल्यावरच उरलेल्या 280 विणायला घेऊ. ज्यांना एक टोपली हवी असेल त्यांनी चर्चच्या महिला मंडळाकडे नाव द्यावे. फोन आला तर कृपया टोपली उलटी करून पाहा, आणि दिसेल ते सांगा.