फोटोतल्या माहितीपत्रकावरून शोधनिबंधाची कामयादी

चर्चासत्रासाठी शोधनिबंध मागवणारे माहितीपत्रक विषयवार मांडलेले असते. आधी चर्चासत्राची भूमिका, मग उपविषय, मग लेखनाचे नियम आणि कुठेतरी कोपऱ्यात तारखा. निबंध पाठवणाऱ्याचे काम मात्र तारखांच्या क्रमाने चालते. म्हणून फोटोवरून यादी करताना मजकूर नुसता आखडून चालत नाही. कोणत्या दिवशी काय पाठवायचे, या क्रमाने तो नव्याने लावावा लागतो.

सुरुवात अंकांपासून करावी, कारण फोटोत सर्वांत आधी तेच फसवतात. देवनागरी १ आणि ९, इंग्रजी 3 आणि 8 अस्पष्ट फोटोत सारखे दिसतात. तारखेशेजारी वार दिला असेल तर पडताळणी सोपी होते. समजा, एका माहितीपत्रकात गोषवाऱ्याची मुदत ‘सोमवार, डिसेंबर 2025’ अशी आहे आणि तारीख 15 की 18 हे कळत नाही. दिनदर्शिकेत 15 डिसेंबरला सोमवार आहे, 18 ला गुरुवार. म्हणजे तारीख 15. ईमेल पत्त्याखाली रेघ असेल, तर पत्त्यातली _ ही खूण तिच्यात लपलेली नाही ना, हेही मोठे करून पाहावे.

त्याच माहितीपत्रकाची यादी पुढीलप्रमाणे होते:

- 15 डिसेंबर 2025 पर्यंत: गोषवारा, कमाल 300 शब्द, सोबत पाच बीजशब्द, वर्ड फाइल ईमेलने.
- 10 जानेवारी 2026 पर्यंत: पूर्ण निबंध, 2500 ते 3000 शब्द, मराठी युनिकोड, टंक कोकिळा, आकार 16, ओळींतील अंतर 1.5, संदर्भ एमएलए पद्धतीने.
- 20 जानेवारीपर्यंत: नोंदणी शुल्क भरून पावती अर्जासोबत जोडणे.
- 30 व 31 जानेवारी: सादरीकरण.

प्रत्येक मर्यादा तिच्या टप्प्यालाच जोडलेली राहिली पाहिजे. 300 शब्द गोषवाऱ्याचे, निबंधाचे नव्हेत. ‘कमाल’, ‘किमान’, ‘पर्यंत’ हे शब्दही गाळू नयेत. ‘युनिकोड’ ही अट तर ठळक लिहावी. जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकात लिहिलेला मजकूर तो टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक अक्षरे होऊन उघडतो, आणि ऐन मुदतीच्या दिवशी रूपांतर करताना जोडाक्षरे बिघडतात.

आंतरराष्ट्रीय परिषदांच्या पत्रकात मुदतीपुढे AoE असे असते. जगात कुठेही तो दिवस संपेपर्यंत मुदत आहे, असा त्याचा अर्थ. भारतीय वेळेनुसार ती दुसऱ्या दिवशी सायंकाळी साडेपाचच्या सुमारास संपते. यादीत ही भारतीय वेळच लिहावी.

वरच्या पत्रकात 3000 शब्दांत संदर्भसूची धरायची की नाही, हे सांगितलेले नाही. अशा जागी अंदाज भरू नये. यादीच्या शेवटी ‘समन्वयकांना विचारणे’ असा रकाना करून प्रश्न तिथे लिहावा, आणि उत्तर आले की मूळ नोंदीत घालावे. फोटो मात्र शेवटपर्यंत जपून ठेवावा. शंका आली की खरे-खोटे त्याच्यावरूनच ठरते.