रविवार संध्याकाळची तीन कामं

कामाच्या वेळेबाहेर ऑफिसचा फोन न उचलण्याचा हक्क असावा, असं सुचवणारं सुप्रिया सुळे यांचं खासगी विधेयक डिसेंबर 2025 मध्ये लोकसभेत मांडलं गेलं आणि रविवार पुन्हा चर्चेत आला. बोललं गेलं ते साहेबांच्या फोनबद्दल. पण फोन आला नाही, तरी रविवारी दिवेलागणीपासून ऑफिस डोक्यात घोळायला लागतं, त्याचं काय? त्यावर हल्ली एक उपाय सांगितला जातो. संध्याकाळी अर्धा तास बसायचं आणि येत्या आठवड्याची तीन मुख्य कामं आधीच ठरवून टाकायची.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी 1890 मध्ये झगडून मिळवलेल्या सुट्टीतला अर्धा तास पुन्हा कामालाच का द्यायचा, हा आक्षेप मला रास्त वाटतो. तरीही मी या सवयीच्या बाजूने आहे, कारण तो वेळ तसाही जातोच. जेवताना, मालिका बघताना, अंथरुणावर पडल्यावर तुकड्यातुकड्यांनी जातो आणि हाती काही लागत नाही.

टेक्सासच्या बेलर विद्यापीठातले मायकेल स्कलिन यांचा 2018 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग इथे नीट पाहण्यासारखा आहे. त्यांनी 57 निरोगी तरुण-तरुणींना झोपेच्या प्रयोगशाळेत ठेवलं. झोपण्यापूर्वी प्रत्येकाला पाच मिनिटं कागदावर लिहायला सांगितलं. एका गटाने येत्या दिवसांत करायची कामं लिहायची, दुसऱ्याने नुकतीच पार पडलेली. झोप कधी लागली हे मेंदूच्या लहरींवरून मोजलं. पुढची कामं लिहिणाऱ्यांना साधारण नऊ मिनिटं लवकर झोप लागली. मला तरी उलट वाटलं असतं. पुढची कामं आठवली की झोप उडावी. शिवाय या गटात ज्यांनी कामं जास्त तपशिलाने लिहिली, ते आणखी लवकर झोपले. प्रयोग लहान होता, एकाच रात्रीचा होता आणि त्यात सगळे तरुणच होते, हे ध्यानात ठेवायला हवं. पण मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांनी 2011 मध्ये दाखवलेली गोष्ट याला पूरक आहे. अर्धवट राहिलेलं काम माणसाला दुसरं काही करताना मध्येमध्ये टोचत राहतं. ते कसं आणि कधी करायचं हे ठरलं, की काम तसंच बाकी असूनही ही टोचणी थांबते.

मग यादीत तीनच का? अ‍ॅमी डाल्टन आणि स्टीफन स्पिलर यांनी 2012 मध्ये तपासलं, की ‘कधी, कुठे, कसं’ असं बारीक नियोजन किती कामांना मानवतं. एका कामाला ते छान लागू पडलं. सहा कामांचं तसंच नियोजन केलेल्यांना त्याचा लाभ झाला नाही. सगळं मिळून किती अवघड आहे हेच त्यांच्या डोळ्यांपुढे आलं आणि मन डळमळलं. तीन हा आकडा काही प्रयोगातून सिद्ध झालेला नाही. एक आणि सहा यांच्यामधला, न लिहिता लक्षात राहणारा आकडा एवढंच त्याचं मोल, आणि तेवढं पुरेसं आहे.

हे प्रत्यक्षात कसं होतं ते बघू. माझ्या ओळखीच्या एक बाई सांगलीकडच्या एका सहकारी पतसंस्थेत शाखाधिकारी आहेत. त्या रविवारी आधी कामांची यादी करतच नाहीत. आधी मोकळे तास मोजतात. शाखेचे रोखीचे व्यवहार तीनला बंद होतात, म्हणजे तीन ते पाच हा वेळ त्यांचा. सहा दिवसांचे बारा तास. मंगळवारी मुख्य कार्यालयात बैठक, शनिवारी शाखा लवकर बंद, उरले आठ. त्यातले निम्मेच त्या धरतात, चार. बाकीचे चार अचानक उपटणाऱ्या गोष्टींसाठी मोकळे सोडतात. आपण स्वतःच्या कामाला लागणारा वेळ नेहमी कमी धरतो. कॅनडातल्या एका प्रसिद्ध अभ्यासात विद्यार्थ्यांना वाटलं होतं, आपला प्रबंध सरासरी 34 दिवसांत पुरा होईल, लागले 55.

मग डोक्यातलं सगळं कागदावर येतं. लेखापरीक्षणाचा दोष दुरुस्ती अहवाल, थकबाकीदारांच्या नोटिसा, नव्या मुलाला ठेवींचं काम शिकवणं, आईचा मोतीबिंदू, गॅसची नोंदणी, असं चांगलं पानभर. त्यातून निवडताना त्यांचा प्रश्न एकच असतो: हे या आठवड्यात झालं नाही, तर पुढच्या आठवड्यात कशाला आग लागेल? रोजची कॅश जुळवणं त्या तिनांत धरत नाहीत, कारण ते होणारच असतं. एका आठवड्याची त्यांची तीन कामं अशी होती. दोष दुरुस्ती अहवालातले कर्ज-फाइलींचे सात आक्षेप निकालात काढणं, सोमवारी आणि बुधवारी तीन ते सव्वाचार. बारा थकबाकीदारांच्या नोटिसा सही करून टपालात टाकणं, शुक्रवारी तीन ते साडेचार. आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेणं, गुरुवारी संध्याकाळी सहा. ‘अहवाल पुरा करणे’ असं त्यांनी लिहिलं नाही, कारण अहवालात एकूण बावीस आक्षेप होते. शनिवारी ‘झालं का?’ या प्रश्नाला हो किंवा नाही असं सरळ उत्तर देता येईल, एवढाच तुकडा त्या घेतात.

बुधवारी कॅशमध्ये पाचशे रुपये कमी आले. ते सापडेपर्यंत पाच वाजले आणि राहिलेल्या चार आक्षेपांना हात लागला नाही. ते गुरुवारी तीन वाजता झाले, कारण गुरुवार रिकामा ठेवलेला होता. रविवारी आठही तास वाटून टाकले असते, तर बुधवारच्या धक्क्याने शुक्रवारच्या नोटिसा गेल्या असत्या.

ही सवय बिघडते तीही ठरावीक ठिकाणी. यादी पूर्ण, पण तास मोजलेले नाहीत, तर ती बुधवारपर्यंत मरते. एकच काम सलग तीन रविवार यादीत दिसलं, तर ते फार मोठं आहे किंवा तुम्हाला करायचंच नाही. त्याचे तुकडे करा, नाहीतर साफ खोडा. आणि तिनांतली तिन्ही कामं साहेबांनी सांगितलेली निघाली, तर घरच्यांचं आणि स्वतःचं काम पुन्हा शिलकीवरच चालेल.

ज्यांची रविवार संध्याकाळ मोकळी नसते, त्यांना हा सल्ला जसाच्या तसा लागू नाही. पाळीवर जाणाऱ्या परिचारिका आणि पोलीस यांचा आठवडा सोमवारी सुरू होत नाही. त्यांनी सुट्टीच्या आदल्या पाळीनंतर बसावं. असंख्य घरांत रविवारी संध्याकाळी मटकी भिजत घालणं, गणवेशाला इस्त्री, सोमवारच्या डब्याची तयारी हे सगळं एकाच बाईवर असतं. तिला अर्धा तास मिळायचा, तर तेवढा वेळ घरातल्या दुसऱ्या कुणीतरी ओटा सांभाळायला हवा. नोकरदारांपैकी ज्यांना शनिवार-रविवार दोन्ही सुट्टी आहे, त्यांनी शुक्रवारी निघण्यापूर्वीच हे उरकावं, असं माझं मत आहे. दोन रात्री जास्त शांत जातील.

आज बसणार असाल तर जेवणाआधी बसा, कागद-पेन घ्या, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. अर्ध्या तासात मेल उघडू नका, कारण उघडलंत की ते नियोजन राहत नाही, काम सुरू होतं. आणि पहिल्या आठवड्यात तीन नव्हे, दोनच कामं ठरवा.