परदेशातली कमाई (लेखांक ५) : शुल्क दिसतं, दरातली कात्री दिसत नाही

नोकरीच्या देशात कोणतं खातं उघडावं, हे मागच्या आठवड्यात पाहिलं. आता त्या खात्यातून दर महिन्याला आईवडिलांना पैसे पाठवताना खर्च नेमका कुठे होतो, ते पाहू. उदाहरण दुबईचं घेऊ, कारण कोकणातल्या कितीतरी घरांचा महिन्याचा खर्च तिथल्या पगारावर चालतो.

पैसे पाठवण्याचा खर्च दोन ठिकाणी असतो. एक म्हणजे शुल्क. ते पावतीवर छापलेलं असतं आणि त्यावर तिथला ५ टक्के व्हॅट लागतो. दुसरा खर्च दरात मुरलेला असतो. मोबाइलवर शोधल्यावर दिसणारा दर हा बाजारातल्या खरेदी आणि विक्रीच्या भावांमधला असतो. एक्स्चेंज हाऊस किंवा बँक आपल्याला त्याहून कमी दर देते आणि मधला फरक स्वतःकडे ठेवते. पावतीवर या फरकाची वेगळी ओळ नसते. म्हणूनच ‘शुल्क शून्य’ अशी पाटी दिसली की आधी दर पाहावा.

आता हिशेब करू. समजा, खेड तालुक्यातला एक तरुण महिन्याला २,००० दिरहम बाजूला काढतो. बाजारात त्या दिवशी एका दिरहमला २३ रुपये आहेत, म्हणजे काहीच खर्च नसता तर घरी ४६,००० रुपये पोहोचले असते. पहिलं दुकान २२.९० दर देतं आणि व्हॅटसह २१ दिरहम शुल्क घेतं. उरलेल्या १,९७९ दिरहमचे ४५,३१९ रुपये होतात. दुसरं दुकान शुल्क घेत नाही, पण दर २२.६० देतं. तिथे ४५,२०० रुपये होतात. शुल्क घेणारं दुकानच ११९ रुपयांनी स्वस्त पडलं.

हेच ५०० दिरहमच्या बाबतीत उलटतं. पहिल्या दुकानातून १०,९६९ रुपये पोहोचतात, दुसऱ्यातून ११,३००. शुल्क ठरावीक असतं, तर दरातली कात्री रकमेबरोबर वाढत जाते. या उदाहरणात साधारण १,६०० दिरहमला दोन्ही दुकानं सारखी पडतात. त्याखाली बिनशुल्काचं दुकान बरं, त्यावर शुल्काचं. म्हणून काउंटरवर एकच प्रश्न विचारावा : माझ्या खिशातून एकूण इतके दिरहम गेले, तर घरच्या खात्यात किती रुपये पडतील? काही ठिकाणी दर ‘हजार रुपयांना इतके दिरहम’ असाही सांगतात. तिथे आकडा जितका लहान तितका आपला फायदा, हे लक्षात ठेवावं.

दर वाढेपर्यंत थांबावं का, असं बरेच जण विचारतात. १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ दिरहम हा दर बांधलेला आहे. त्यामुळे दिरहम-रुपयाचा दर डॉलर-रुपयाच्या मागेच चालतो. आपल्या तरुणाने अर्धी रक्कम आज पाठवली आणि अर्धी पुढच्या आठवड्यासाठी ठेवली, तर पहिल्या दुकानात त्याला २१ दिरहम, म्हणजे सुमारे ४८० रुपये, जादा द्यावे लागतील. दुसऱ्या खेपेचं शुल्क जाऊन उरलेल्या ९७९ दिरहमवर ते भरून निघायला दर सुमारे ४९ पैशांनी वाढावा लागेल, म्हणजेच डॉलर सुमारे १ रुपया ८० पैशांनी महागायला हवा. आठवड्याभरात असं क्वचितच होतं आणि दर उलटा गेला तर तोटा आणखी वाढतो. औषधं, किराणा, वीजबिल यांचे पैसे ठरलेल्या तारखेला एकरकमी पाठवावेत. दराची वाट पाहायचीच असेल, तर ती घरच्यांना लगेच न लागणाऱ्या शिलकीसाठी पाहावी.

शेवटची गळती भारतात होते. एक्स्चेंज हाऊसमधून रक्कम बहुधा रुपयांतच येते आणि सांगितलेला आकडा खात्यात दिसतो. परदेशी बँकेतून स्विफ्टने परकीय चलन पाठवलं, तर मधली बँक आपलं शुल्क कापू शकते आणि रूपांतर इथली बँक तिच्या दराने करते. त्या रूपांतरावर जीएसटीही लागतो. रक्कम एक लाखापर्यंत असेल, तर तिचा १ टक्का, पण किमान २५० रुपये, हे सेवेचं मूल्य धरून त्यावर १८ टक्के. ५०,००० रुपयांवर तो ९० रुपये होतो. तेव्हा पहिल्या महिन्यात वडिलांकडून पासबुकातला आकडा मागवा आणि पावतीशी ताडून पाहा. कमी भरला, तर पुढच्या खेपेला पैसे रुपयांतच जमा होतील असा मार्ग निवडा.

आईवडिलांच्या खात्यात आलेल्या या रकमेवर प्राप्तिकर लागतो का, आणि त्यांनी ती ठेवीत गुंतवली तर व्याजाचं काय, हे पुढच्या लेखांकात.