अनुदानित शाळेचे अंदाजपत्रक : वेतन अनुदान आणि व्यवस्थापनाचा खर्च वेगळा ठेवणे आवश्यक

महाराष्ट्रातील खासगी अनुदानित शाळेच्या वार्षिक अंदाजपत्रकात दोन स्वतंत्र प्रवाह असतात. मान्य पदांवरील कर्मचाऱ्यांचे वेतन शासन देते. इमारत दुरुस्ती, वीज, स्टेशनरी यांसारखा खर्च मुख्यतः संस्था व्यवस्थापनाला पेलावा लागतो. त्यासाठी वेतनेतर अनुदानाची तरतूद असली, तरी ते वेळेवर मिळेलच असे गृहीत धरता येत नाही. हे प्रवाह एकाच रकान्यात मिसळल्यास शाळेची खरी आर्थिक स्थिती झाकली जाते.

वेतन अनुदानाचा आधार संचमान्यता हा असतो. विद्यार्थिसंख्येनुसार पदे मंजूर होतात. मात्र पद मंजूर असणे आणि त्याचे वेतन मिळणे या भिन्न गोष्टी आहेत. त्या पदावर कर्मचारी कार्यरत असून शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता त्याला मिळालेली असेल, तरच शालार्थ प्रणालीतील वेतन देयकात त्याचे नाव येते. मान्यता नसलेल्या शिक्षकाचे मानधन व्यवस्थापनालाच द्यावे लागते.

उदाहरणादाखल 12 मंजूर पदांच्या एका शाळेचा विचार करता येईल. दरमहा सरासरी एकूण वेतन 75 हजार रुपये धरल्यास वर्षाचे अनुदान 1 कोटी 8 लाख रुपये दिसते. प्रत्यक्षात एक पद रिक्त असल्याने 99 लाखच मिळतील. रिक्त जागी नेमलेल्या शिक्षकाला दरमहा 15 हजारांप्रमाणे दहा महिन्यांचे दीड लाख आणि इतर अडीच लाख, असा 4 लाखांचा खर्च व्यवस्थापनावर येतो. शुल्क व इतर मार्गांनी त्याची जमा 1 लाख 80 हजार आहे.

एकत्रित अंदाजपत्रकात मंजूर पदांनुसार अनुदान धरल्यास जमा 1 कोटी 9 लाख 80 हजार, खर्च 1 कोटी 3 लाख आणि शिल्लक 6 लाख 80 हजार दिसते. रकाने वेगळे केल्यास वेतनाच्या बाजूस 99 लाख जमा व तितकाच खर्च राहतो, तर व्यवस्थापनाच्या बाजूस 2 लाख 20 हजारांची तूट उघड होते. ही तूट वेळीच न दिसल्यास तिचा पहिला फटका मान्यता नसलेल्या शिक्षकाच्या मानधनाला बसतो.

वेतनाचा रकाना भरताना हाती पडणारी निव्वळ रक्कम नव्हे, तर भविष्य निर्वाह निधी, व्यवसाय कर, आयकर या कपातींपूर्वीची एकूण रक्कम घ्यावी लागते. मार्चचे वेतन एप्रिलमध्ये देय होत असल्याने आर्थिक वर्षात मार्च ते फेब्रुवारी या बारा महिन्यांची देयके येतात. वेतनाच्या बाजूस जमा व खर्च यांत फरक राहिल्यास प्रथम रिक्त पद, प्रलंबित मान्यता किंवा थकीत देयक तपासणे योग्य ठरते.