‘बल्किंगवर आहे’ म्हणजे नेमकं काय?

जिममध्ये कुणाच्या पोटाकडे नजर गेली, की तो लगेच सांगतो, ‘‘सध्या बल्किंगवर आहे रे.’’ मागून डंबेल ठेवता ठेवता कुणीतरी म्हणतो, ‘‘हो, दहावीपासूनच!’’

बल्किंगची मूळ कल्पना चांगली आहे. शरीराला लागतं त्यापेक्षा थोडं जास्त खायचं, जोडीला वजनं उचलायची, म्हणजे स्नायू वाढतात. काही महिन्यांनी खाणं कमी करून सोबत चढलेली चरबी उतरवायची, ते ‘कटिंग’. घोळ होतो तो ‘थोडं’ या शब्दापाशी.

समजा, 60 किलोच्या नवख्या मुलाला दिवसाला 2300 कॅलरी पुरतात. त्याला वर साधारण 300 हव्यात, म्हणजे दोन पोळ्या आणि ग्लासभर दूध. एवढ्यानं महिन्याला किलोभर वजन वाढू शकतं. पण पठ्ठ्या वडापाव, शेक आणि रात्रीची बिर्याणी मिळून हजारभर कॅलरी जास्त घेतो. स्नायू त्या वेगानं वाढत नाहीत, उरलेलं सगळं चरबीत जातं. याला ‘डर्टी बल्क’ म्हणतात. ओळखायचं कसं? बेंबीपाशी टेप लावायची आणि व्यायामाची वही बघायची. कंबर वाढत गेली, पण बेंच प्रेसचं वजन महिनाभर तेच राहिलं, तर ते नुसतंच खाणं.

‘गेन्स’ म्हणजे कमावलेले स्नायू आणि ताकद. नवख्यांची ताकद पहिल्या काही महिन्यांत झपाट्यानं वाढते, कारण असलेले स्नायू नीट वापरायला मज्जासंस्था शिकते. त्यामुळे डोले दिसण्याआधीच उचलायचं वजन वाढतं. या ‘न्यूबी गेन्स’वरून जुनी मंडळी चिडवतात खरी, पण मला त्यात थोडा हेवाही दिसतो. त्यांना आता पाव किलो स्नायूसाठी महिनोन्‌महिने घासावं लागतं.

चीट डेची थट्टा मात्र सगळ्यांच्याच वाट्याला येते. वजन उतरवणारा सोमवार ते शनिवार रोज 400 कॅलरी कमी खातो, म्हणजे 2400 वाचवतो. रविवारी सकाळी मिसळ, दुपारी मटण थाळी, संध्याकाळी पिझ्झा आणि आइस्क्रीम. गरजेपेक्षा 2400 जास्त सहज जातात आणि आठवडा जिथल्या तिथे. म्हणून जाणकार दिवसाऐवजी एका जेवणाची सूट घेतात, ती ‘चीट मील’.

सोमवारी काटा दीड किलो जास्त दाखवतो, तेव्हा ती सगळी चरबी नसते. मिठामुळे आणि साठलेल्या कर्बोदकांसोबत अंगात पाणी धरलेलं असतं, पोटातलं अन्नही मोजलं जातं. खरा हिशोब बघायचा असेल तर बुधवार-गुरुवारी, सकाळी उपाशीपोटी काट्यावर उभं राहावं. सोमवारी काट्यावर चढलेल्याला ट्रेनर एवढंच विचारतो, ‘‘काय, पाहुणे अजून गेले नाहीत वाटतं?’’